सेव्हन कार्ड स्टड आणि होल्डेम: उघड्या पानांवरून समोरच्याचा हात कसा वाचावा?

निशिगंधा

नमस्कार. गेली काही वर्षे मी मित्रमंडळींबरोबर होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळते आहे, तोही फक्त चिप्सवर, पैसे न लावता. अलीकडे आमच्या गटाने सेव्हन कार्ड स्टड हा पोकरचाच दुसरा प्रकार सुरू केला. नियम लगेच कळले, परंतु खेळताना विचार कसा करायचा हे अजून नीटसे उमगलेले नाही. होल्डेममध्ये टेबलावरची पाच पाने सर्वांची असतात आणि प्रत्येकाची खास स्वतःची अशी दोनच पाने असतात, तीही पालथी. स्टडमध्ये सामाईक पान एकही नसते. प्रत्येकाला सुरुवातीला दोन पालथी आणि एक उघडे, मग एकेक करून तीन उघडी, आणि शेवटचे सातवे पान पुन्हा पालथे मिळते. म्हणजे प्रत्येकाची चार पाने सगळ्यांना दिसतात आणि तीन लपलेली राहतात. मग स्टडमध्ये समोरच्याचा हात ओळखणे सोपे असायला हवे, असे मला वाटले होते.

एक डाव सविस्तर मांडते. आम्ही आठजण होतो. प्रत्येकाने डावाआधी भरायचा अँटी 20, सर्वांत लहान उघड्या पानाने सक्तीने भरायचे ब्रिंग-इन 30, पहिल्या दोन फेऱ्यांत बेट 100 आणि पुढच्या तीन फेऱ्यांत 200. माझी पालथी पाने बदाम राजा आणि बदाम नव्वी, उघडे पान बदाम छक्की. इतरांची उघडी पाने अशी होती: किलवर दुर्री, बदाम चौकी, चौकट राणी, बदाम गुलाम, इस्पिक राणी, बदाम एक्का आणि इस्पिक अठ्ठी. सर्वांत लहान पान दुर्रीचे, म्हणून तिने ब्रिंग-इन भरले. चौकी, चौकट राणी आणि गुलाम यांनी पाने टाकली. इस्पिक राणीवाल्याने बेट 100 वर नेली. एक्का आणि अठ्ठी यांनीही पाने टाकली, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, आणि दुर्रीही गेली. पॉटमध्ये 390 झाले आणि आम्ही दोघेच उरलो.

चौथे पान मला बदाम पंजी आले आणि त्याला किलवर राणी. त्याच्यासमोर राणीची उघडी जोडी दिसू लागली आणि अशा वेळी असलेल्या मुभेप्रमाणे त्याने 200 लावले. मी कॉल केला, तेव्हा शेजारच्या दोघांनी मान हलवली. पुढचे पान मला किलवर दश्शी, त्याला इस्पिक सत्ती. सहावे मला बदाम तिर्री, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने होऊन माझा फ्लश पूर्ण झाला, आणि त्याला चौकट दुर्री. शेवटी काय झाले ते मुद्दामच नंतर सांगते. माझा प्रश्न असा आहे की प्रत्येक टप्प्यावर टेबलावरची पाने मला नेमके काय सांगत होती?

पन्हाळ्याचा_पहारा

निशिगंधाताई, स्टडचा एक जुना नियम आहे आणि तो पाळलात तर निम्म्या अडचणी सुटतील. समोरच्याच्या पहिल्या उघड्या पानाची चौथ्या पानावर जोडी झाली की त्याच्याकडे तीन आहेत असे समजायचे आणि पाने टाकायची. कारण साधे आहे. ज्याने राणी दाखवून बेट वाढवली, त्याच्या हातात बहुधा दुसरी राणी असते. आता आणखी एक आली, म्हणजे तीन राण्या झाल्या. तुमचा फ्लश अजून झालेला नव्हता. चौथ्या पानावर डाव सोडायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टड सोपा आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. डोळे उघडे ठेवले की सगळे समोर मांडलेलेच असते.

जर्सीकर

मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि अटलांटिक सिटीत स्टडची टेबले भरलेली असत त्या काळापासून हा खेळ पाहत आलो आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एके काळी पोकर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टडच येत असे. होल्डेम टेक्सासमधून 1960 च्या दशकात लास वेगासला पोहोचला, आणि 2003 नंतर टीव्हीमुळे तो इतका पसरला की आता स्टड पाहायला मिळतो तो बहुतेक मिश्र खेळांतच. त्यामुळे होल्डेम शिकून स्टडकडे येणाऱ्याला निशिगंधा यांच्यासारखाच प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे.

पन्हाळकर सांगतात तो नियम खोटा नाही, पण अर्धाच आहे. प्रत्येक उघडे पान दोन गोष्टी सांगते. एक, ते ज्याच्यासमोर आहे त्याच्याकडे काय असू शकेल. आणि दुसरी, ते पान आता इतर कोणाकडेही असू शकत नाही. पहिली गोष्ट अंदाजाची आहे, दुसरी पक्की आहे. होल्डेमची सवय असलेला माणूस पहिलीच वाचतो, कारण त्याच्या खेळात दुसऱ्या गोष्टीला फारसा वाव नसतो. तिथे पाने टाकणारा ती पालथीच टाकतो, त्यामुळे कोणाचे कुठले पान गेले हे कधीच कळत नाही. फ्लॉपवर, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर, चार बदाम जमले की उरलेले नऊ बदाम न दिसलेल्या 47 पानांत आहेत असेच प्रत्येक वेळी धरायचे, आणि पुढच्या दोन पानांत फ्लश होण्याची शक्यता प्रत्येक वेळी 35 टक्केच येते. हा आकडा पाठ करून माणूस आयुष्यभर खेळू शकतो.

स्टडमध्ये असा पाठ करण्यासारखा आकडा नाही. तुमच्या डावात, स्वतःचे चौथे पान येण्याआधीच, तुम्हाला बदामाचे एक्का, गुलाम आणि चौकी दिसले होते. तीन बदाम गेलेले होते. प्रश्न खरे तर तिथेच, तिसऱ्या पानावर सुरू होतो. चौथ्या पानाची चर्चा त्यानंतरची.

कावेरी_ठाणे

मला चर्चा फार आवडली. मी पोकर खेळत नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा हात ओळखता येतो असे ऐकले आहे. पान उघडल्यावर त्याने डोळे बारीक केले का, श्वास रोखला का, हे पाहून काही ठरवता येते का?

जर्सीकर

कावेरीताई, इथे विषय उघड्या पानांचा आहे, चेहऱ्याचा नाही. तरी तुमच्या प्रश्नाचा एक धागा आपल्या विषयाशी जुळतो. समोर एकाच रंगाचे तिसरे पान उघडले आणि खेळाडूने लगेच आपली पालथी पाने पुन्हा उचलून पाहिली, तर त्याला आपली पालथी पाने कुठल्या रंगाची होती याची खात्री नव्हती असे समजता येते. ज्याच्या हाती पहिल्यापासून त्याच रंगाची दोन पाने असतात, त्याला पुन्हा बघायची गरज सहसा पडत नाही. याहून जास्त भार चेहऱ्यावर टाकू नये असे माझे मत आहे.

गणिती_माणूस

तिसऱ्या पानाचे गणित मांडतो, कारण ते सरळ आहे. आठ खेळाडू असताना निशिगंधा यांना स्वतःची तीन आणि इतरांची सात, अशी दहा पाने दिसत होती. न दिसलेली 42 उरली. अजून चार पाने मिळायची आहेत आणि त्यांत निदान दोन बदाम हवेत.

इतरांसमोर एकही बदाम नसता, तर फ्लश होण्याची शक्यता साधारण 23.6 टक्के असती. एक बदाम दिसला असता तर 19.6, दोन दिसले असते तर 15.8. प्रत्यक्षात तीन दिसले होते, तेव्हा ती 12.3 टक्के होती. म्हणजे हातातली तीन पाने तीच असताना टेबलावरच्या तीन पानांनी शक्यता जवळपास निम्मी केली. होल्डेम खेळणारा स्वतःची तीन बदाम पाने पाहून खूश होईल. त्या पानांची किंमत मात्र इतर सात जणांसमोर काय पडले आहे यावरच ठरते.

इथे 290 च्या पॉटसाठी 100 भरायचे होते. पुढे एकही बेट नाही असे धरले तरी जिंकण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांहून जास्त हवी. राजाची जोडी लागून किंवा दोन जोड्या होऊनही डाव जिंकता येतो हे खरे, पण तेवढ्याने हे अंतर भरून निघेल असे मला वाटत नाही. तिसऱ्या पानावर पाने टाकणे योग्य ठरले असते.

पन्हाळ्याचा_पहारा

गणिती साहेब, एक शंका. पाने टाकलेल्या सहा जणांची प्रत्येकी दोन पालथी पानेही गेलीच की. त्यांतही बदाम असणार. मग ती बारा पाने वजा केल्यावर शक्यता आणखी कमी व्हायला नको का?

गणिती_माणूस

नको. जे पान दिसलेले नाही, ते टाकलेल्या गठ्ठ्यात आहे की वाटायच्या गड्डीत आहे याने आपल्या हिशेबात फरक पडत नाही. टाकलेल्या बारा पानांत बदाम असतील, तसेच बदाम नसलेलीही असतील, आणि त्यांतले प्रमाण आपल्याला माहीत नाही. 42 पानांत सात बदाम आहेत एवढेच आपण जाणतो आणि पुढचे प्रत्येक पान त्या 42 मधून यादृच्छिकपणे येते असे धरतो. दिसलेलीच पाने वजा करायची. न दिसलेली वजा करायला गेलात तर तीच शक्यता दोनदा कापली जाते.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. कोण पाने टाकते यावरूनही थोडी माहिती मिळते. बदाम एक्का दाखवणाऱ्याने पाने टाकली, तेव्हा त्याच्या हातात आणखी दोन बदाम असण्याची शक्यता कमीच, कारण तसे असते तर तो बहुधा थांबला असता. पण हा परिणाम लहान आहे आणि टेबलावर बसून त्याचा हिशेब करण्याइतका मोलाचा नाही.

मांडवीकाठ

मी पणजीचा. इथे मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर मी जे पाहिले ते बहुतेक होल्डेम आणि काही वेळा ओमाहा, त्यामुळे स्टडचा माझा अनुभव घरगुती आहे. माझी अडचण वेगळी आहे. तिसऱ्या पानावर आठ उघडी पाने दिसतात हे ठीक, पण कोणी पाने टाकली की डीलर ती लगेच ओढून घेतो. पाचव्या पानावर पोहोचेपर्यंत कोणती राणी गेली आणि कोणता बदाम गेला हे माझ्या डोक्यात राहत नाही. हे सगळे लक्षात कसे ठेवायचे? आमच्या घरी आई रमी खेळते आणि खाली पडलेली पाने तिला शेवटपर्यंत आठवतात, पण मला ते जमत नाही.

जर्सीकर

आईंची आठवण अगदी योग्य जागी आली आहे. रमीत खाली पडलेले पान पुन्हा मिळणार नाही हे ज्याला आठवते, तोच नको त्या पानाची वाट पाहत बसत नाही. स्टडमध्येही तेच कौशल्य लागते. फरक एवढाच की रमीत पाने एकेक करून पडतात आणि स्टडमध्ये बरीचशी पहिल्याच फेरीत एकदम निघून जातात.

माझी पद्धत सांगतो. स्वतःची पालथी पाने उचलण्याआधी मी डावीकडून सुरुवात करून एकदा सगळ्यांची उघडी पाने पाहतो. मग स्वतःची पाने पाहतो. आता सगळी पाने लक्षात ठेवायची गरज उरत नाही, फक्त माझ्या हाताशी आणि जो बेट वाढवेल त्याच्या उघड्या पानाशी संबंधित असलेलीच पाने ठेवायची. निशिगंधा यांच्या जागी मी असतो तर मनात एवढेच म्हटले असते की बदाम तीन गेले, त्यांत एक्का, आणि एक राणी गेली. हे वाक्य शेवटपर्यंत पुरते. नवीन उपयोगाचे पान गेले की त्यात भर घालायची.

कोयनेचा_काठ

जर्सीकर साहेबांशी मी सहमत नाही. निवडक पाने लक्षात ठेवली तर पुढे डाव बदलला की माणूस उघडा पडतो. समजा चौथ्या पानाला बदाम न येता दश्शी आली आणि पाचव्याला आणखी एक दश्शी आली. आता दश्शी कोणाकडे गेली होती का हे आठवायला हवे, आणि तुम्ही ते लक्षातच ठेवलेले नाही. मी गेलेली सगळी पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मनात मांडतो. वरच्या डावात दुर्री, चौकी, अठ्ठी, गुलाम, राणी, एक्का अशी ती ओळ झाली असती, आणि रंग फक्त बदामाचा मोजला असता. सुरुवातीला त्रास होतो, पण काही बैठकींनंतर सवय होते.

जर्सीकर

कोयनेकर, ज्याला जमते त्याने सगळी ठेवावीत, यात वाद नाही. नवख्याने आठ पाने धरायला जाऊन आठही विसरावीत, त्यापेक्षा तीन पक्की धरलेली बरी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता चौथ्या पानाकडे येतो. पन्हाळकरांचा नियम म्हणतो की पहिल्या उघड्या पानाची जोडी झाली की तीन समजा. यामागचे तर्कशास्त्र असे आहे की तिसऱ्या पानावर मोठे पान दाखवून बेट वाढवणाऱ्याकडे त्याच पानाची जोडी असण्याची शक्यता चांगली असते. पण इथे निशिगंधा यांना तिसऱ्या पानावरच दुसऱ्या खेळाडूसमोर चौकट राणी दिसली होती. इस्पिक राणी आणि किलवर राणी त्याच्यासमोर, चौकट राणी गेलेली. उरली फक्त बदाम राणी. तीन राण्या व्हायच्या तर ते एकच पान त्याच्या हातात असायला हवे. आणि ते पान तुमच्या फ्लशलाही उपयोगी असलेल्या बदामांपैकी एक आहे, म्हणजे ते तुमच्याकडे आले तर फ्लशही होतो आणि त्याची तिसरी राणीही संपते.

चौथी राणीसुद्धा तुमच्या हातात किंवा दुसऱ्या कोणासमोर दिसली असती, तर तीन राण्या अशक्यच झाल्या असत्या आणि त्या उघड्या जोडीला घाबरण्याचे कारणच उरले नसते. मी लोकांना अशा वेळीही पाने टाकताना पाहिले आहे, कारण समोरची जोडी डोळ्यांत भरते आणि गेलेले पान डोळ्यांसमोर नसते.

गणिती_माणूस

यालाही आकडे देता येतात, पण त्यासाठी समोरचा माणूस कशावर बेट वाढवतो हे गृहीत धरावे लागते. असे धरू की तो तीन प्रकारच्या हातांवर बेट वाढवतो: हातात दुसरी राणी असेल तर, पालथी कुठलीही जोडी असेल तर, आणि तीन इस्पिक असतील तर.

चौथ्या पानानंतर निशिगंधा यांना न दिसलेली पाने 40 होती. बदाम राणी आणि सोबत कोणतेही एक पान, असे 39 प्रकार होतात. पालथ्या जोड्यांचे 45 प्रकार होतात. या जोड्याही दिसलेल्या पानांमुळे कमी झालेल्या आहेत. उदाहरणार्थ, बदाम गुलाम गेल्यामुळे गुलामाच्या जोडीचे सहाऐवजी तीनच प्रकार उरले. दोन इस्पिकांचे 55 प्रकार होतात. एकूण 139 पैकी 39, म्हणजे साधारण 28 टक्के वेळा त्याच्याकडे तीन राण्या आहेत.

आता त्या चौकट राणीच्या जागी चौकट सत्ती दिसली होती असे धरा. मग राणीचे 77 प्रकार होतात, जोड्यांचे 42 आणि इस्पिकांचे तेच 55. तेव्हा हीच शक्यता 44 टक्क्यांवर जाते. तिसऱ्या पानावर ज्याने चौकट राणी टाकली, त्याच्या त्या एका पानाने एवढा फरक पडला.

दुसरीकडे, निशिगंधा यांच्याकडे आता चार बदाम झाले होते आणि 40 पानांत सहा बदाम उरले होते. उरलेल्या तीन पानांत निदान एक बदाम येण्याची शक्यता 39.4 टक्के. 590 च्या पॉटसाठी 200 भरायचे होते. म्हणून तिसऱ्या पानावरचा कॉल मला पटला नसला, तरी चौथ्या पानावरचा पटतो.

पन्हाळ्याचा_पहारा

आकडे मान्य आहेत, परंतु गृहीत मला मान्य नाही. इस्पिक राणीवाल्याने बेट वाढवली तेव्हा त्याच्यामागे बदाम एक्का अजून बोलायचा होता. एक्का समोर दिसत असताना दुर्रीची किंवा तिर्रीची पालथी जोडी घेऊन कोण बेट वाढवेल? आणि तीन इस्पिकांवर माझ्या टेबलावरचे बहुतेक लोक नुसता कॉल करतात. मग तुमच्या 139 मधून किती प्रकार गळतील?

गणिती_माणूस

प्रश्न अगदी नेमका आहे. सत्तीपासून वरच्याच जोड्या धरल्या तर त्या 27 उरतात आणि तीन राण्यांची शक्यता 32 टक्के होते. त्यात इस्पिकही वगळले, तर 66 पैकी 39, म्हणजे 59 टक्के. इथे पन्हाळकरांचा नियम पुन्हा बळकट होतो हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. बदाम राणी एकच उरली आहे हे पानांवरून कळते, पण 28 की 59 हे त्या माणसाच्या सवयीवरून ठरते. निशिगंधा, तो माणूस तीन एकाच रंगाच्या पानांवर बेट वाढवतो का?

निशिगंधा

हो, तो वाढवतो. मी त्याला असे करताना पाहिले आहे. पण दोनच वेळा, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. सहाव्या पानाबद्दल कोणी बोलले नाही, आणि माझा खरा घोळ तिथेच झाला. माझा फ्लश पूर्ण झाला होता आणि समोर त्याची राणीची जोडी, सत्ती आणि दुर्री होती. होल्डेममध्ये टेबलावर जोडी दिसली की मला लगेच फुल हाउसची, म्हणजे तीन सारख्या पानांसोबत एक जोडी असण्याची, भीती वाटते. म्हणून मी फक्त कॉल करत राहिले.

जर्सीकर

ही भीती होल्डेममधून आली आहे आणि इथे तिचे माप वेगळे आहे. होल्डेममध्ये सामाईक पानांत जोडी नसेल तर कोणाकडेही फुल हाउस असू शकत नाही. जोडी असेल तर ती सर्वांचीच असते, त्यामुळे टेबलावर जितके लोक आहेत तितक्यांची भीती बाळगावी लागते. स्टडमध्ये दोन्ही उलटे आहे. तीन पाने लपलेली असल्यामुळे उघडी जोडी नसतानाही सातव्या पानापर्यंत फुल हाउस होऊ शकतो. आणि उघडी जोडी असली तरी ती एकट्या त्या माणसाची असते, त्याच्या उरलेल्या पानांना ती जुळली तरच उपयोगाची.

सहाव्या पानावर त्याची दोनच पालथी पाने होती. फुल हाउस व्हायला त्या दोन पानांत काय हवे ते मोजू. दोन सत्त्या हव्यात, त्यांचे तीन प्रकार. किंवा दोन दुर्र्या, पण किलवर दुर्री पहिल्याच फेरीत गेली होती आणि चौकट दुर्री त्याच्यासमोर होती, म्हणून एकच प्रकार. किंवा बदाम राणी आणि एक सत्ती, तीन प्रकार. किंवा बदाम राणी आणि एक दुर्री, दोन प्रकार. एकूण नऊ. न दिसलेल्या 36 पानांतून दोन पाने 630 प्रकारे निवडता येतात. समोरची जोडी कितीही भीतिदायक दिसली तरी त्यामागे हे नऊच प्रकार होते.

कोयनेचा_काठ

यात एक भर घालतो, कारण स्टड वाचताना मला सर्वांत उपयोगी वाटते ती गोष्ट म्हणजे समोरच्याकडे काय असूच शकत नाही हे ठरवणे. फ्लशसाठी एका रंगाची पाच पाने हवीत. सहाव्या पानावर दोनच पालथी असल्यामुळे उघड्यांत त्या रंगाची निदान तीन हवीत, आणि त्याच्यासमोर इस्पिके दोनच होती. म्हणजे तोपर्यंत त्याचा फ्लश झालेला नव्हता, हे निश्चित. सातव्या पानावर तीन पालथी झाल्यावर दोन उघडी पुरतात, तेव्हा इस्पिकाचा फ्लश शक्य होता. पण निशिगंधा यांच्या फ्लशमध्ये राजा होता. त्याला हरवायचे तर त्याच्या पालथ्या इस्पिकांत एक्का किंवा राजा असायला हवा होता.

स्ट्रेटचेही तसेच. सातव्या पानावर तीन पालथी धरली तरी उघड्यांतली दोन वेगवेगळी पाने एकाच पाच पानांच्या ओळीत बसायला हवीत. राणी, सत्ती आणि दुर्री यांतली कुठलीही दोन पाने एका ओळीत बसत नाहीत. म्हणजे शेवटचे पान काहीही आले असते तरी त्याचा स्ट्रेट होणे शक्यच नव्हते.

चार उघडी पाने चार वेगळ्या रंगांची असतील तर सातव्या पानावरही फ्लश शक्य नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. होल्डेमच्या माणसाला ही सवय टेबलावरची सामाईक पाने वाचून असतेच. फक्त इथे ती प्रत्येक माणसासाठी वेगळी लावावी लागते.

मांडवीकाठ

उघडी पाने कोणत्या क्रमाने आली याला महत्त्व आहे का? मी नेहमी शेवटी चारही पाने एकत्र पाहतो.

जर्सीकर

फार महत्त्व आहे, आणि एकत्र पाहिल्याने तेच हरवते. त्याच्यासमोरची इस्पिक सत्ती पाचव्या पानावर आली. तिसऱ्या पानावर बेट वाढवताना ती त्याच्याकडे नव्हती, म्हणून ती बेट सत्तीबद्दल काहीच सांगत नाही. पहिले उघडे पान त्याने स्वतः पाहून, पालथ्या पानांशी जोडून, पैसे लावायचे ठरवले. पुढची पाने त्याला मिळत गेली. म्हणून पहिल्या पानाची जोडी आणि पाचव्या-सहाव्या पानाची जोडी यांचा अर्थ सारखा नसतो. सहाव्या पानाला सत्तीची जोडी झाली असती, तर त्यामुळे तीन सत्त्यांची शंका मी फारशी घेतली नसती.

चौथ्या पानावर उघडी जोडी असेल तर 100 ऐवजी 200 लावण्याची मुभा असते, आणि त्याने ती वापरली. काही खेळाडू खरेच तीन असतील तर 100 च लावतात, म्हणजे समोरचा टिकून राहावा. 200 लावणे हे मी किंचित दुबळेपणाचे लक्षण मानतो, पण हे टेबलागणिक बदलते आणि यावर मी पैज लावणार नाही.

निशिगंधा

आता शेवट सांगते. सातव्या पानावर त्याने पुन्हा 200 लावले, मी कॉल केला. त्याने इस्पिक गुलाम आणि चौकट गुलाम उघडले. राणी आणि गुलाम अशा दोन जोड्या. पॉट मला मिळाला. बदाम राणी त्याच्याकडे नव्हती.

तुम्ही सर्वांनी मांडल्यावर मला असे दिसते की सहाव्या पानावर मी बेट वाढवायला हवी होती, आणि तिसऱ्या पानावर डावात राहायलाच नको होते. पण गणिती साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे चौथ्या पानावरचा कॉल बरोबर, हे अजून पन्हाळकरांना पटलेले नाही असे दिसते.

पन्हाळ्याचा_पहारा

नाही पटलेले. तुमचा माणूस तीन इस्पिकांवरही बेट वाढवतो, म्हणून तुमच्या टेबलावर 28 टक्के धरायला मी तयार आहे. माझ्या टेबलावरचे लोक तसे करत नाहीत, आणि तिथे 59 टक्के वेळा तीन राण्यांसमोर मी चार बदाम घेऊन 200 भरणार नाही.

गणिती_माणूस

तुमच्या टेबलावरसुद्धा तीन राण्या असताना फ्लश झाला तर तो बहुतेक वेळा टिकतो, कारण त्या तीन राण्यांना फुल हाउस व्हायला त्याच्या उरलेल्या पानांपैकी कशाची तरी जोडी व्हावी लागते. ती उघड्या पानांतच झाली तर पाचव्या किंवा सहाव्या पानावर दिसते आणि त्या क्षणी डाव सोडता येतो. पालथ्या पानाशी जुळून झाली किंवा सातव्या पानाला झाली तर मात्र ती दिसत नाही. तुमच्या 59 टक्क्यांचा हिशेब, पुढच्या तीन फेऱ्यांच्या बेटांसह, मी या आठवड्यात पूर्ण मांडून इथेच टाकतो. तोपर्यंत तुम्ही एवढे सांगा की तुमच्या टेबलावर तीन राण्या असलेला माणूस पाचव्या पानावर 200 लावतो, की नुसते चेक करून समोरच्याची वाट पाहतो. हिशेब त्यावर अवलंबून आहे.